21,000 च्या वर पगार गेलेल्या कामगारांचं मेडिकल : कारखानदाराला ईमेल काय लिहायचं

प्रश्न : मी हेल्थ इन्शुरन्स एजंट आहे. भोसरी एमआयडीसीतल्या 20 ते 50 कामगारांच्या वर्कशॉपवाल्यांना ग्रुप मेडिक्लेमचे मेल पाठवतो, रिप्लायच येत नाही. ब्रांचमधले सिनियर म्हणतात हॉस्पिटलचा फोटो टाक, "उद्या काही झालं तर कोण बघणार" असं लिही, मग मालक हलतात. मला तसं लिहायला नको वाटतं. मग लिहू काय?

उत्तर :

घाबरवून एखादी पॉलिसी निघते, नाही असं नाही. पण भोसरीतला प्रेस शॉपवाला मालक घ्या, त्याच्याकडे कधीतरी कुणाचं बोट गेलेलं असतं आणि त्याला स्वतःच्या गाडीत घालून हा दवाखान्यात घेऊन गेलेला असतो, त्याला तुम्ही नेटवरून उचललेला सलाईनचा फोटो पाठवून नवीन काय सांगणार? आणि घाबरून घेतो तो मालक सगळ्यात स्वस्त कोटेशन घेतो, को-पे किती, रूमचं लिमिट किती हे बघत नाही. मग पहिल्याच क्लेमला कामगाराच्या खिशातून पैसे जातात आणि पुढच्या वर्षी रिन्युअल होत नाही. म्हणजे धंदा म्हणून बघितलं तरी ते परवडत नाही.

तुमच्या मेलला रिप्लाय येत नाही त्याचं कारण मला वेगळं वाटतं. मेल उघडला की मालकाच्या डोक्यात पहिलं वाक्य येतं, "आमचं ईएसआय आहे की." बहुतेक एजंटांच्या मेलमध्ये ईएसआयचा उल्लेखच नसतो, किंवा असला तर "ईएसआयच्या दवाखान्यात कोण जातं हो" असा टोमणा असतो. मालक दर महिन्याला 15 तारखेच्या आत ईएसआयचं चलान भरतो, त्याला ते पैसे टोचत असतात, आणि वर हा कोण अजून एक खर्च घेऊन आला असं होतं त्याचं. त्यामुळे मेलची सुरुवात त्याच्या पगारपत्रकापासून करा.

ईएसआय दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला लागू होतं, आणि ज्यांचा पगार महिना 21,000 पर्यंत आहे त्यांना. ही मर्यादा 1 जानेवारी 2017 पासून तीच आहे. वर्गणीचे दर जुलै 2019 पासून मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के. आता 2017 पासून पगार कुठल्या कुठे गेले पण मर्यादा तिथेच राहिली, त्यामुळे काय होतं की हेल्पर, पॅकिंगवाले, नवीन ऑपरेटर हे आत असतात, आणि व्हीएमसीचा सेटर, टूलरूमचा माणूस, क्वालिटीवाला, सुपरवायझर, अकाउंटंट हे हळूहळू बाहेर पडतात. म्हणजे मालकाला जी माणसं सोडून जायला नको असतात नेमकी तीच. तुमचा मेल या लोकांबद्दल पाहिजे, "आपल्या सर्व कामगार बांधवांसाठी" वगैरे नको.

आता गंमत बघा. 21,000 पगारावर मालक 682.50 रुपये भरतो आणि कामगाराचे 157.50 कापले जातात, मिळून महिना 840. त्या माणसाला हजाराची वाढ दिली आणि 22,000 झाले की दोन्ही बंद. मालकाचे 682 वाचले, कामगाराचे 157 वाचले आणि घरातल्या सगळ्यांचं मेडिकल गेलं. वाढ देताना हा हिशोब कुणी मांडत नाही, मालकही नाही आणि कामगारही नाही. तुम्ही तो मांडलात की मेलमध्ये भीती घालायची गरजच उरत नाही, कारण हा त्याचाच आकडा आहे आणि तो स्वतः कॅल्क्युलेटरवर तपासू शकतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे माहीत पाहिजे, नाहीतर नकळत तुम्हीही घाबरवायला लागाल. पगार वाढला की दुसऱ्या दिवशी ईएसआय बंद होत नाही. वर्गणीचे दोन कालावधी असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच पगार 21,000 च्या वर गेला तर त्या कालावधीच्या शेवटपर्यंत वर्गणी कापायचीच असते. आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर मिळणारे फायदे पुढच्या जानेवारी ते जून मध्ये मिळतात, ऑक्टोबर ते मार्चचे पुढच्या जुलै ते डिसेंबर मध्ये. म्हणजे समजा मे महिन्यात वाढ झाली, तर सप्टेंबरपर्यंत कपात होणार आणि नियमाप्रमाणे वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या जूनपर्यंत तो माणूस ईएसआयचा लाभ घेऊ शकतो. आहे ना बराच वेळ? मग "आजच घ्या" कशाला लिहायचं? उलट हीच माहिती मालकाला दिलीत की कुणाचं कव्हर कधी संपतंय ते काढून त्या तारखेपासून पॉलिसी सुरू करू, तर तो तुम्हाला कामाचा माणूस समजतो. फक्त नोव्हेंबर 2025 पासून लेबर कोड लागू झालेत आणि पगार कशाला म्हणायचं याची व्याख्या बदललीय, त्यामुळे कोण आत कोण बाहेर हे तुम्ही ठरवू नका, त्यांच्या लेबर कन्सल्टंटला विचारायला सांगा.

अजून एक, "ईएसआय सोडा, आमचं घ्या" असं चुकूनही लिहू नका. लागू असेल तर ईएसआय सक्तीचं आहे, मेडिक्लेम घेतला म्हणून सुटका होत नाही. आणि खरं सांगायचं तर आतल्या माणसासाठी ईएसआयच जास्त देतं, उपचाराला रकमेची मर्यादा नाही, अवलंबून असलेले आई-वडील धरतात, आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते. ग्रुप मेडिक्लेम यातलं आजारपणातल्या पगाराचं तर काहीच देत नाही. तो काय देतो, तर नेटवर्कमधलं जवळचं प्रायव्हेट हॉस्पिटल, कॅशलेस, आणि ग्रुप असल्यामुळे जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून कव्हर, जर कोटेशनमध्ये तसं मागून घेतलं तर. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, बीपी-शुगरवाल्या पंचेचाळिशीतल्या सुपरवायझरला स्वतःहून पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजारासाठी थांबावं लागतं, ग्रुपमध्ये बहुतेक वेळा थांबावं लागत नाही.

मी साधारण असा मेल पाठवतो, तुम्ही तुमच्या भाषेत बदला :

विषय : 21,000 च्या वर पगार असलेल्या कामगारांचं मेडिकल, एक आकडा हवा होता

नमस्कार साहेब,

मी (नाव), (कंपनी) चा आरोग्य विमा एजंट, भोसरीतच काम करतो.

तुमच्याकडे ज्यांना ईएसआय आहे त्यांच्यासाठी मी वेगळं काही सुचवत नाही. हा मेल 21,000 च्या वर पगार असलेल्यांसाठी आहे, म्हणजे सेटर, सिनियर ऑपरेटर, सुपरवायझर, ऑफिस स्टाफ. पगारवाढीनंतर ही मंडळी ईएसआयमधून बाहेर पडतात आणि त्यांच्या नावाने तुम्ही भरत होतात ते महिना साधारण 680 रुपयेही थांबतात.

अशा लोकांसाठी कुटुंबासकट ग्रुप मेडिक्लेम घेता येतो. 34 माणसांच्या वर्कशॉपमधल्या अशा 13 जणांचा नमुना हिशोब एका पानावर जोडला आहे.

हे ईएसआयसारखं सक्तीचं नाही. यात आजारपणातला पगार मिळत नाही, आई-वडील घेतले तर प्रीमियम बराच वाढतो, आणि कामावरच्या अपघाताची नुकसानभरपाई यात येत नाही, ती पॉलिसी वेगळी असते.

तुमच्याकडे 21,000 च्या वर किती जण आहेत एवढा आकडा कळवलात तर ढोबळ खर्च सांगतो. नावं, आधार काही नको. गरज नसेल तर "नको" एवढंच लिहा, परत मेल करणार नाही.

(नाव, फोन)

बस, एवढंच. फोटो नाही, लाल अक्षरं नाहीत, ऑफरची शेवटची तारीख नाही.

आता यात काय काय मुद्दाम केलंय ते सांगतो. शेवटी मागितलाय फक्त एक आकडा. "मीटिंगसाठी वेळ द्या" म्हटलं की मालक टाळतो, पण "13" असा रिप्लाय तो मशीनजवळ उभा राहूनही देऊ शकतो, किंवा मेल अकाउंटंटला फॉरवर्ड करून "याला सांग रे" म्हणतो. सुरुवातीलाच नावांची यादी मागणारे एजंट आहेत, त्याची गरज नसते, ढोबळ कोटेशनला वय, स्त्री की पुरुष आणि नातं एवढं पुरतं, नावं पॉलिसी काढताना. आणि काय मिळत नाही तो परिच्छेद काढायचा मोह होईल, काढू नका, मला रिप्लाय येतात त्यातले बरेच त्याच परिच्छेदावरचे प्रश्न असतात.

कामावरच्या अपघाताचं वाक्य का टाकलंय तर मालकाचा एक नेहमीचा गोंधळ असतो. ईएसआयबाहेरच्या माणसाला कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची, त्यासाठी जी पॉलिसी असते तिला सगळे डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात. काहींना वाटतं डब्ल्यूसी आहे म्हणजे मेडिकल झालं, काहींना वाटतं मेडिक्लेम घेतला की डब्ल्यूसी बंद करता येईल. दोन्ही चूक. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देतो, भरपाईचं ओझं उतरवत नाही. हे तुम्ही आधीच सांगितलं नाही आणि त्याने डब्ल्यूसी बंद केली तर नंतर शिव्या तुम्हालाच.

सोबतचं पान मी असं करतो, वर मोठ्या अक्षरात "नमुना" लिहायचं. 34 माणसांचं वर्कशॉप, 21 ईएसआयमध्ये, 13 बाहेर. प्रत्येकाला नवरा-बायको आणि दोन मुलांपर्यंत मिळून 3 लाखांचं कव्हर. समजा कुटुंबामागे 9,000 प्रीमियम आला (हा आकडा समजण्यापुरता, वयाप्रमाणे आणि बाळंतपण घेतलं की नाही यावर खूप हलतो), त्यावर 18 टक्के जीएसटी 1,620, म्हणजे 10,620. तेराजणांचे 1,38,060. एका कुटुंबाचे महिन्याला 885 रुपये. आता याच्या शेजारी ते ईएसआयचे 840 लिहा आणि गप्प बसा, मालक स्वतःच म्हणतो की अरे हे तर तेवढंच आहे. मग कुणी सगळे स्वतः भरतो, कुणी अर्धे कामगाराकडून घेतो, ते त्याच्यावर सोडा. पण दोन्ही एकसारखं आहे असं भासवू नका, 840 मध्ये काय मिळत होतं ते वर सांगितलंच.

जीएसटीवरून हमखास प्रश्न येणार, "विम्याचा जीएसटी माफ झाला ना?" 22 सप्टेंबर 2025 पासून माफ झालाय तो वैयक्तिक पॉलिसीवरचा, ग्रुपवर अजून 18 टक्के आहेच. आणि त्याचं क्रेडिटही बहुतेक वेळा मिळत नाही, कारण ते कायद्याने सक्तीच्या विम्यालाच मिळतं आणि हा सक्तीचा नाही. प्रीमियम मात्र धंद्याचा खर्च म्हणून धरता येतो, रोखीने भरू नका म्हणावं, बाकी सीएला विचारा. "पूर्ण टॅक्स बेनिफिट" असं मोघम लिहिणारे मेल सीएकडे गेले की तिथेच मरतात.

ज्या एका अटीवर मी पहिल्या भेटीत सगळ्यात जास्त वेळ घालवतो ती म्हणजे रूमचं भाडं. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा रूमला कव्हरच्या 1 टक्का रोज असं लिमिट असतं, 3 लाखांवर 3,000. कामगार 5,000 च्या रूममध्ये पाच दिवस राहिला आणि बिल झालं 1,20,000. मालकाला वाटतं 2,000 गुणिले पाच, दहा हजार कापतील. तसं होत नाही. 5,000 पैकी 3,000 म्हणजे 60 टक्के, आणि मग डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे रूमबरोबर बदलणारे खर्चही 60 टक्केच मिळतात. रूमचे 25,000 चे मिळाले 15,000, डॉक्टर-थिएटरचे 60,000 चे 36,000, औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटचे 35,000 (हे या कपातीत येत नाही म्हणून) पूर्ण. मिळाले 86,000, खिशातून गेले 34,000. हा हिशोब मालकासमोर कागदावर करा आणि रूमचं लिमिट नसलेलं कोटेशन शेजारी ठेवा, थोडं महाग असतं, तो ठरवेल. लिमिटवालंच घेतलं तर कामगारांना मराठीत एक चिठ्ठी द्या की 3,000 च्या आतली रूम मागा. एवढ्या चिठ्ठीने अर्धी भांडणं टळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे रिन्युअल. तेरा माणसांचा ग्रुप छोटा असतो, जीएसटी सोडून प्रीमियम 1,17,000, त्यात एक सिझेरियन आणि एक पायाचं फ्रॅक्चर आलं की क्लेम सहज लाखाच्या वर. पुढच्या वर्षी कंपनी क्लेम बघूनच दर लावते, कधीकधी जोरात वाढवते. हे पहिल्याच वर्षी सांगून ठेवा. पहिल्या वर्षी स्वस्त दाखवून घुसायचं आणि दुसऱ्या वर्षी तोंड लपवायचं, यानेच या पट्ट्यात एजंटांचं नाव खराब झालंय.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही बघा. कारखान्यात सगळेच 21,000 च्या आत असतील तर हा मेल पाठवू नका, तिथे तुमचं काम नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर ईएसआयच नसेल, तिथे मेल वेगळा लिहावा लागेल, आणि ग्रुपला बऱ्याच कंपन्या किमान सात माणसं मागतात हे आधी बघा. कंत्राटदाराची माणसं असतील तर ती मालकाच्या पगारपत्रकावर नसतात, त्यांना यादीत धरायचं तर आधी कंपनीला विचारा. कुणी म्हणेल "त्यांना महात्मा फुले योजना आहे की", तर आहेच, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, फक्त ती ठरावीक उपचारांना आणि योजनेतल्या हॉस्पिटलांतच चालते, एवढं सांगा आणि पुढे जा, योजनेला नावं ठेवू नका.

पाठवायची वेळ. 7 ते 10 पगार, 15 पर्यंत ईएसआय आणि पीएफ, 20 ला जीएसटी, या दिवसांत मालक आणि अकाउंटंट दोघेही वैतागलेले असतात. 21 नंतर पाठवा. आपल्याकडे गुरुवारी सुट्टी असते तेव्हा गुरुवार टाळा, शुक्रवारी सकाळी सुट्टीतलं साचलेलं असतं म्हणून तेही नको, मी मंगळवारी पाठवतो. एकेकाला वेगळा मेल पाठवा, बीसीसीत शंभर जण टाकून नाही. आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा, तेवढंच.

दोन कायदेशीर गोष्टी सिनियर सांगणार नाहीत म्हणून सांगतो. मेलमध्ये पॉलिसीचं नाव, फायदे, दर असं टाकलं की ती जाहिरात होते आणि एजंटाने आधी कंपनीची लेखी मंजुरी घ्यायला लागते, म्हणून मेल आणि ते नमुन्याचं पान दोन्ही ब्रांचमधून पास करून घ्या. आणि आकडा कळवल्यावर मालक दुसरा प्रश्न विचारतो तो "तुझ्या कमिशनमधलं किती सोडणार?" विमा कायद्याच्या कलम 41 प्रमाणे रिबेट देणं आणि घेणं दोन्ही बेकायदेशीर आहे, दंड 10 लाखांपर्यंत. मी हसून सांगतो की साहेब, त्याऐवजी क्लेमच्या वेळी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर मी स्वतः येतो. तुम्ही एकाच कंपनीचे आहात हेही मेलमध्ये लिहिलंय ते बरं, कारण त्याला चार कंपन्यांची कोटेशन एकत्र हवी असतील तर ते काम ब्रोकरचं आहे, तसं सरळ सांगा.

रिप्लायमध्ये आकडा आला की लगेच फोन करू नका, त्याच मेलला ढोबळ खर्च लिहून पाठवा आणि तीनच गोष्टी विचारा : बाळंतपण हवं का, आई-वडील हवेत का, आणि गेल्या वर्षी अशी कुठली पॉलिसी होती का. असेल तर तिचे क्लेमचे आकडे लागतील, ते आल्याशिवाय पक्कं कोटेशन देऊ नका, कंपनी नंतर दर बदलते आणि तोंडघशी तुम्ही पडता.